हाकेच्या जागेवरची ओळ

मी एकदा एका ओळीबद्दल "बसते" असं म्हणालो होतो. ती बसत नाही हे मला तेव्हा ठाऊक होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, घरी बायकोलासुद्धा नाही. त्या एका शब्दानंतर एक बाई गायची थांबली. गावात सगळे समजतात की तिची जीभ अडली. तीही तेच समजते. बारा वर्षं झाली.

ती बाई म्हणजे माझी चुलत वहिनी, मोठ्या काकांच्या मुलाची बायको. आमची घरं एका भिंतीची आहेत. तिच्या घरात फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागतो. आमचं गाव सानगडीच्या पुढं, धानाच्या बांध्यांमध्ये. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, वर्णानं आणि स्वभावानं दोन्हीकडून फिका. वहिनी दुसरीपर्यंत शिकलेली, सही करते, वाचता येत नाही.

आणि ती अडखळत बोलते. सगळ्याच अक्षरांना नाही. 'क' तिच्यासाठी मोठा बांध होता. तिचं माहेर करडी, पण कोणी विचारलं तर ती "मोहाडीकडचं" म्हणायची. काकडी मागायची झाली तर बोटानं दाखवायची. लहानपणी करडीच्या पोरी तिला 'कक्की' म्हणत, हे तिनं माझ्या बायकोला सांगितलं होतं आणि बायकोनं मला. हे मला माहीत होतं, एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

गाताना मात्र ती कधीच अडखळली नाही. 'क' असो, 'त' असो. ढोलकीवर थाप पडली की तिच्या तोंडातून शब्द असे निघत, जसं पाट फोडल्यावर बांधीत पाणी जातं. बोलण्यात तिला कोणी वाक्य पूर्ण करू देत नसे, लोक घाईनं तिचा शब्द तिच्या आधी बोलून टाकत. गाण्यात तिला कोणी थांबवू शकत नव्हतं. तिच्याकडे तेवढी एकच जागा होती.

आमच्या वस्तीत महिलांचं भजनी मंडळ होतं. आजोबांच्या पिढीनं छप्पन साली धर्म बदलला, तेव्हा घरातल्या मूर्ती आणि टाक सगळं बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, शिरवलं. चाली कशा शिरवणार? त्या कानात बसलेल्या. मग त्याच चालींवर नवे शब्द बांधायची पद्धत पडली. चाल आजीची, शब्द तथागताचे. माझ्या लहानपणी म्हाताऱ्या बाया नवे शब्द गाता गाता मध्येच जुन्या शब्दांवर घसरायच्या आणि मग एकमेकींकडं बघून हसायच्या. विहारात त्याची कोणाला चीड नव्हती.

वहिनीच्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या छपराखाली, उन्हाळ्याच्या दुपारी सराव चालायचा. शाळेला सुट्टी, शेतात काम नाही. एका कोपऱ्यात मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड, किंचित आंबूस वास. पाच-सहा बाया, ढोलकीवाले एक काका आणि पेटीवर मी. काकांना ऐकायला कमी यायचं, तरी ठेका चुकत नसे. ते म्हणायचे, मले जमिनीतून ऐकू येते.

मी मात्रा मोजायला शाळेत शिकलो होतो. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. आमच्या त्या चालीच्या एका ओळीत सोळा मात्रा बसायच्या, ढोलकीची आठ-आठची दोन आवर्तनं. मी वहीत अक्षराखाली एक-दोन, एक-दोन असे आकडे लिहायचो आणि शेवटी बेरीज मांडायचो. सोळा आले की ओळ झाली, असं मला वाटे.

वहिनीची पद्धत वेगळी. ती उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकवायची. मग मधलं पेर, वरचं पेर, बोटाचं टोक. एका बोटावर चार. अशी चार बोटं, सोळा. दीर्घ अक्षर आलं की अंगठा दोन घरं चालायचा. बेरीज तर माझीच व्हायची, पण तिचा नियम बेरजेच्या पुढचा होता. बोट बदललं की ढोलकीवर जोर येतो. म्हणून बोट बदलताना शब्दाचं तोंड आलं पाहिजे, त्याचं पोट येऊन चालणार नाही. हे तिनं कधी असं मांडून सांगितलं नाही. तिनं माझ्यावर करून दाखवलं.

त्या वर्षी वैशाख पौर्णिमेला पवनीला भजनी मंडळांचा मेळावा होता. नियम असा की चाल जुनी चालेल, कडवी मात्र नवी आणि मंडळाची स्वतःची पाहिजेत. मी पहिलं कडवं लिहून नेलं. त्यातली एक ओळ अशी होती:

तुझी करुणा उरी साठवली

मी बेरीज वाचून दाखवली. सोळा. बायांनी माना डोलावल्या. वहिनीनं करंगळीच्या मुळाशी अंगठा ठेवला आणि ओळ चालीत म्हटली, प्रत्येक बोटाला थांबत. "तुझी क. रुणा उ. री सा. ठवली."

 मग अंगणवाडीत मदतनीस असलेली बाई, जिच्या तोंडाला वस्तीतले पुरुषही भीत, तिनं विचारलं, "गुरुजी, हे रुणा कोन होय? सानगडीची का?"

"आनि ठवली म्हंते," दुसरी म्हणाली. "काय ठवली? भाजी ठवली का?"

काकांना काही ऐकू आलं नव्हतं, पण सगळ्या हसताना बघून तेही हसले. वहिनी हसली नाही. ती गंभीरपणे म्हणाली, "भाऊजी, मात्रा त बरोबर आहेत. तुमी मात्रा मोजल्या, शब्द नाई मोजले. शब्दाचं डोस्कं बोटाच्या बुडाशी याले पाह्यजे. नाई त तो मधातून तुटते." हे सांगताना ती दोनदा अडखळली. मग तिनं डोळे मिटले, अंगठा दोन-तीनदा बोटांवरून फिरवला आणि गाऊन दाखवलं:

करुणा राहे बोडी भरुनी

करुणा, राहे, बोडी, भरुनी. चार शब्द, चार बोटं. प्रत्येक शब्द आपापल्या बोटावर पाय ठेवून उभा. शब्द कुठंही तुटत नव्हता, कुठं ओढावा लागत नव्हता. बोलताना जिथं जोर येतो तिथंच ढोलकीचा जोर.

मी म्हटलं, "बोडी कशी चालेल? तळं म्हणा, सरोवर म्हणा. बोडी म्हणजे आपली शेतातली."

"तेच त," वहिनी म्हणाली. "धानाले पाणी कोन देते? सरोवर देते का?"

बाया पुन्हा हसल्या. ओळ तीच ठरली. ती ओळ चांगली होती, माझ्या ओळीपेक्षा फार चांगली. मला ते त्याच क्षणी कळलं आणि तेच मला सोसलं नाही. महिनाभर वस्तीत मला 'रुणावाले गुरुजी' म्हणत होते. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "काय गुरुजी, रुणाबाई बऱ्या आहेत ना?" मी हसून टाकलं. घरी आल्यावर जेवलो नाही. माझ्या हाताखालून शंभर-दीडशे मुलं वृत्तं शिकून गेली होती आणि दुसरी शिकलेल्या बाईनं बोटांवर मला नापास केलं होतं. आज हे लिहिताना किती हलकं वाटतं. तेव्हा ते छातीवर बसलं होतं.

वहिनीला माझा चेहरा वाचता येत होता. दोन दिवसांनी ती भिंतीपलीकडून म्हणाली, "भाऊजी, मधली कडवी आमी बाया मिळून जमवतो. शेवटचं तुमीच लिवा. शेवटचंच लोकाईच्या ध्यानात राह्यते." मग जरा थांबून, "हाकेची जागा तेवढी पाह्यजा."

हाकेची जागा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. त्या चालीच्या शेवटच्या कडव्यात ओळ सुरू होण्याआधी एक रिकामं आवर्तन येतं. ढोलकी आठ मात्रा गप्प बसते. टाळही थांबतात. त्या शांततेत गाणारी ओळीचं पहिलं अक्षर दोनदा म्हणते, चार मात्रा खालच्या सुरात आणि चार मात्रा वरच्या. मग थाप पडते आणि पूर्ण ओळ सुरू होते. आजीच्या काळच्या शब्दांत तिथं 'ये' होतं, देवाला बोलावणं होतं. ये... ये... ये ना. आमच्या मंडळानं नंतर त्या जागी बांधलेली ओळ होती 'ने ना मजला शीतल तीरी'. ने... ने... ने ना मजला. सोळा मात्रा आणि वर ही हाक. पण हाक वहीत दिसत नाही. वहीत ओळ सोळाचीच असते, हाक फक्त चालीत असते. म्हणून त्या ओळीचं पहिलं अक्षर एकटं उभं राहणारं पाहिजे, स्वतःचा अर्थ असलेलं. ये, ने, दे, घे, जा. दुसऱ्या शब्दाचा तुकडा तिथं चालत नाही.

हे मला पाठ होतं. पेटीवर ती जागा मी शेकडो वेळा वाजवली होती.

तरी मी कडवं लिहायला बसलो तेव्हा मनात फक्त बोटं होती. यावेळी बोटांवर कोणी हसता कामा नये. मी ओळ लिहिली:

काया झिजली जगतासाठी

काया, झिजली, जगता, साठी. चार-चार-चार-चार. तथागत आयुष्यभर चालत राहिले त्याबद्दल ती ओळ होती आणि मला ती फार आवडली. लिहिताना हाक माझ्या ध्यानात आली नाही, इथवर मी निर्दोष आहे. पण मी ते कडवं लगेच दिलं नाही. रुसवा होता. आज देतो, उद्या देतो करत मेळाव्याचा दिवस आला आणि कडवं मी भाड्याच्या पिकअपमध्ये, पवनीला जाताना, वहीतून वाचून दाखवलं.

पिकअपच्या मागच्या हौद्यात सतरंजी टाकून आम्ही बसलो होतो. सकाळीच गरम वारा सुटला होता. पांढऱ्या साड्या घातलेल्या बाया एकमेकींना टेकून बसलेल्या. काकांनी ढोलकी मांडीत बाळासारखी धरलेली. मी ओळ वाचली की बाया म्हणायच्या, नुसती म्हणायच्या, गायच्या नाहीत. वहिनीनं बजावलं होतं, वाऱ्यात गळा घालवू नका, तिथं लागेल.

तिनं अंगठा करंगळीला लावला आणि ठेक्यावर ओठांतल्या ओठांत ओळ म्हटली. काया. झिजली. जगता. साठी. चौथ्या बोटाच्या टोकावर अंगठा नेमका थांबला तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "बोटावर बसली, भाऊजी. एकबी शब्द नाई तुटला."

"म्हंजे रुणाबाई मेली एकदाची," अंगणवाडीची बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण कानात ते बोचलं.

मी सवयीनं मांडीवर बोटं नाचवत चाल मनात म्हणू लागलो, पेटीवर वाजवतो तशी. रिकाम्या आवर्तनाशी आलो. का... का... काया.

माझी बोटं थांबली. मला ते ऐकू आलं, जसं कोणी कानाशी म्हणावं. 'का' हा काया शब्दाचा तुकडा होता. तो शांततेत दोनदा म्हणायचा, ढोलकी गप्प असताना, आणि मग पूर्ण शब्द. आणि म्हणणारी कोण? आणि अक्षर कोणतं?

दुरुस्ती लगेच सुचली, हे मला लिहायलाच हवं. फार वेळ लागला नाही. 'घे ही काया जगतासाठी.' घे... घे... घे ही काया. सोळाच्या सोळा, बोटांवर नीट, हाकेलाही स्वतंत्र शब्द. वाटेतल्या लाखांदूरच्या अलीकडंच ती माझ्या डोक्यात तयार होती. बायांना एवढा बदल सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

तेवढ्यात वहिनीनं विचारलं, "हाकेच्या जागी? क... 'का' येते तिथं. बसते का?"

ती स्वतः गुणगुणायला लागली होती. तिला आणखी एक क्षण मिळाला असता तर तिला कळलं असतं. तिच्याइतकं त्या चालीला कोणी ओळखत नव्हतं. मी घाईनं म्हटलं, "बसते." आणि वर एक मखलाशी केली. "पुस्तकी भाषेत 'का' म्हणजे प्रश्न. का? का? का झिजली काया? असं विचारल्यासारखं होते."

आमच्याकडं कारण विचारायला कोणी 'का' म्हणत नाही. 'काहून' म्हणतात, 'कायले' म्हणतात. ते ऐकणाऱ्या बाया पवनीच्या, करडीच्या, मोहाडीच्या असणार होत्या, पुस्तकातल्या नव्हे. हेही मला ठाऊक होतं.

वहिनीनं गुणगुणणं थांबवलं. "बरं," ती म्हणाली. "पुस्तकातलं तुमाले माहीत."

मी मुद्दाम ती ओळ लिहिली नव्हती. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण त्या पिकअपमध्ये मी कशाची वाट पाहत होतो? मला वाटलं होतं, थोडं हसतील. तिच्यावर नाही, ओळीवर हसतील आणि नंतर तीही जरा जमिनीवर येईल. ती गाते, ती मोजते, ती सगळ्यांसमोर मला शिकवते. एकदा तिलाही कळू दे कसं वाटतं ते. वैनगंगेच्या पुलावरून गाडी जात होती, पाणी खाली गेलेलं, वाळूचे पट्टे वर आलेले. बाया पुलावरून पाणी बघायला उठल्या आणि मी बसून राहिलो. मला आठवतं, मला बरं वाटत होतं.

मंडपात खूप मंडळं होती. आमचा नंबर दुपारी आला. वहिनी मधोमध बसली, तिच्या डाव्या हाताला मी पेटी घेऊन, उजव्या हाताला काका. पहिल्या कडव्यापासून मंडप तिच्या हातात होता. 'करुणा राहे बोडी भरुनी' या ओळीला मागून कोणीतरी म्हातारा "वा" म्हणाला. लोकांनी ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. बोडी हा शब्द ऐकून समोरच्या शेतकरी बायांचे चेहरे बदलताना मी पाहिले. इतकी साधी गोष्ट मला महिनाभर पटली नव्हती.

मग शेवटचं कडवं आलं. काकांनी ढोलकीवर हात सपाट ठेवला. टाळ थांबले. पेटीचा सूर फक्त मी धरून होतो.

"का..." वहिनीनं म्हटलं. खालचा सूर, स्वच्छ, चार मात्रा.

समोर उजवीकडं काही बाया बसल्या होत्या. त्यातली एक शेजारणीच्या कानाला लागली.

"का..." वरचा सूर.

हसू फुटलं. फार मोठं नव्हतं, पण ढोलकी गप्प होती, त्यामुळं सगळ्या मंडपात गेलं. आणि त्या हसण्यातून एक बाई हलकेच, जुनी ओळख पटल्यासारखं बोलली, "अवो, कक्की होय ते."

ती करडीची होती. नंतर कळलं, वहिनीच्याच वर्गातली होती. वाईट मनानं बोलली नसावी.

थाप पडली. पूर्ण ओळीची वेळ झाली. वहिनीनं तोंड उघडलं आणि "का" म्हणून ती थांबली. पुन्हा "का". यावेळी ते चालीतलं नव्हतं. मला दोन्हीतला फरक ऐकू आला, मी इतका जवळ होतो. गाताना पहिल्यांदाच तिची जीभ अडली होती. मागच्या बायांनी ओळ उचलली, "काया झिजली जगतासाठी", काकांना काही समजलं नव्हतं, ते जोरात वाजवत राहिले. कडवं तसंच संपलं. वहिनीचे ओठ बंद होते. तिचा अंगठा करंगळीच्या मुळाशीच होता, पुढं सरकला नव्हता.

आम्ही पिकअपमधून परत निघालो. अंगणवाडीची बाई, जी कोणालाच सोडत नसे, तिनं वहिनीचा हात आपल्या हातात घेतला होता. कोणीतरी म्हणालं, "ओळीतच काही होतं का?"  मी बोलायच्या आधी वहिनीनंच उत्तर दिलं.

"ओळ बरोबर होती. सोळा होत्या. म्या मोजल्या ना." मग माझ्याकडं वळून, "तुमी वाईट नोका वाटून घेऊ, भाऊजी. माहीच जीभ."

मी म्हटलं, "होते असं कधी कधी."

हे माझं वाक्य होतं. 'बसते'पेक्षा हे वाक्य मोठं पाप आहे असं मला आता वाटतं. 'बसते' म्हणालो तेव्हा पुढं काय होईल याचा मला पुरता अंदाज नव्हता. 'होते असं कधी कधी' म्हणालो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तिनं स्वतःवर घेतलेली माझी चूक मी परत न घेता तिच्याच ओटीत टाकली.

त्यानंतर ती मुख्य गायली नाही. मंडळ सोडलं नाही. मागच्या रांगेत टाळ घेऊन बसते, ओठ हलतात, आवाज निघत नाही. पुढं गाणारी आता अंगणवाडीची बाई आहे, तिचा गळा बरा आहे, पण मात्रा तिला येत नाहीत. कोणी नवं कडवं आणलं की ती मागं वळून वहिनीकडं पाहते. वहिनी अंगठा फिरवते आणि मान हलवते, हो किंवा नाही. तोंडानं काही सांगत नाही. बोलणं तर तिचं आधीपेक्षाही कमी झालं. पूर्वी गाण्यामुळं तिला बोलण्याचंही थोडं बळ होतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मला त्या दुपारच्या आधीच्या दुपारी फार आठवतात. मोहाचा वास, पेटीच्या भात्याची धाप, काकांची जमिनीतून ऐकण्याची थाप, एखादा शब्द न बसता अर्धा तास सगळ्यांचं डोकं खाणं, मग कोणीतरी भलताच सोपा शब्द सांगणं आणि तो चारही मात्रांवर टपकन बसणं. तो बसला की सगळ्या एकदम माना हलवायच्या, काही न बोलता. शब्द जागेवर बसल्याचा तो आनंद मी नंतर कुठं अनुभवला नाही, शाळेत नाही, घरी नाही. मी अजून पेटी वाजवतो. शेवटच्या कडव्यात हल्ली जुनी 'ने ना' हीच ओळ म्हणतात. माझी ओळ पुन्हा कोणी म्हटली नाही. हाकेची जागा आली की मी खाली पट्ट्यांकडं पाहतो.

यंदा पुन्हा मेळाव्याचं निघालं आहे. परवा सराव संपल्यावर बाया गेल्या, मी पेटी झाकत होतो. वहिनी मोहफुलं गोळा करत होती. तिला वाटलं मी गेलो. ती अगदी हळू गात होती, 'करुणा राहे बोडी भरुनी'. एकही अक्षर अडलं नाही. मग तिनं मान वळवली, मला पाहिलं आणि गप्प झाली.

"म्हणा ना वहिनी," मी म्हटलं.

"नाई जी. माह्या जिभेचा भरोसा नाई."

तेव्हा मला सांगता आलं असतं. सपरीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "बरं, येतो," आणि घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

वहिनीला वाचता येत नाही, म्हणून हे लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. मला तिला तोंडानं सांगायचं आहे, आणि एकटीला नाही, मंडळातल्या बायांसमोर, कारण तिची जीभ सगळ्यांसमोर खोटी ठरली. दोष ओळीत होता. तो मला गाडीतच कळला होता. दुरुस्तीही मला माहीत होती. मी गप्प राहिलो आणि नंतर तिला स्वतःला दोष देऊ दिला. एवढं सांगणं मी तिचं देणं लागतो आणि ते अजून दिलेलं नाही.